फोन बिझी आहे, हे ठरवतं कोण?

एकाच माणसाला एकाच मिनिटात तिघांनी फोन लावला तर तिघांना तीन वेगळ्या गोष्टी ऐकू येऊ शकतात. पहिल्याला रिंग जाते. दुसऱ्याला ‘ही व्यक्ती दुसऱ्या कॉलवर आहे, कृपया लाइनवर राहा’ असं सांगितलं जातं आणि मागे रिंग वाजत राहते. तिसऱ्याला थेट टूंऽऽ टूंऽऽ ऐकू येतं आणि फोन कटतो. मग त्या तिसऱ्याच्या मनात येतं की यानं आपला फोन मुद्दाम कापला. कधी तसं झालेलंही असतं, पण बहुतेक वेळा त्या माणसाला तिसऱ्याचा फोन आला होता हे कळलेलंसुद्धा नसतं, कारण तो त्याच्या मोबाइलपर्यंत पोहोचलेलाच नसतो. बिझी आहे की नाही हा निकाल बऱ्याचदा एक्स्चेंजच देऊन मोकळं होतं. कॉल वेटिंग नीट समजून घ्यायचं तर सुरुवात इथूनच करावी लागते.

हे पूर्वीपासून असंच आहे. हातानं जोडण्या करणाऱ्या एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर कॉर्डचं टोक समोरच्या जॅकच्या कडेला हलकेच टेकवून बघायची. कानात ‘टक्’ असा आवाज आला की ती ओळ कुणीतरी आधीच घेतलेली आहे हे कळायचं आणि ती फोन करणाऱ्याला ‘एंगेज आहे’ म्हणून सांगायची. पुढे यंत्रं आली आणि तीच तपासणी यंत्र करू लागलं. ओळ घेतलेली दिसली की ते आपणहून एंगेज टोन सोडायचं. दोन्ही काळांत ज्याला फोन लावला त्याच्या घरात काहीही वाजत नसे. एका जोडतारेवर एकच बोलणं, आणि ते चालू असताना बाकीच्यांना दार बंद.

एक्स्चेंज संगणकावर चालू लागलं तेव्हा हे बदलता आलं. ओळ ‘रिकामी’ की ‘घेतलेली’ एवढ्या दोनच नोंदी ठेवायची गरज उरली नाही. ‘बोलणं चालू आहे, पण आणखी एक कॉल कळवायला हरकत नाही’ अशी तिसरी नोंद प्रोग्रॅममध्ये ठेवता आली. कॉल वेटिंग म्हणजे ही तिसरी नोंद. ती तुमच्या नावापुढे कंपनीच्या यंत्रणेत असते, त्यामुळे हँडसेट बदलला तरी ती सहसा सिमबरोबर राहते.

आता मोबाइलवर काय घडतं ते पाहू. नारायणगावच्या टोमॅटो बाजारातला एक आडतदार धरा. हंगाम भरात आहे, सकाळची वेळ आहे, गाळ्यासमोर क्रेटच्या थप्प्या लागल्या आहेत आणि तो मंचरच्या एका शेतकऱ्याशी बोलतोय. तेवढ्यात मुंबईहून एक व्यापारी त्याला फोन लावतो. तो कॉल कंपनीच्या स्विचपर्यंत येतो. आडतदार बोलतोय हे स्विचला माहीत असतं. मग तो आडतदाराच्या नावापुढची नोंद बघतो. वेटिंग बंद असेल तर गोष्ट तिथेच संपते. स्विच ‘युजर बिझी’ या कारणाचा संदेश मागे पाठवतो, व्यापाऱ्याला बिझी टोन लागतो आणि आडतदाराचा मोबाइल गप्पच राहतो. त्या क्षणी त्याला काही ऐकूही येत नाही आणि पडद्यावर काही दिसतही नाही.

वेटिंग सुरू असेल तर स्विच नव्या कॉलची सूचना मोबाइलकडे धाडतो. साध्या टू-जी, थ्री-जी कॉलमध्ये यावर मोबाइल जे उत्तर देतो ते मला फार आवडतं. तो कॉल मिळाल्याची पोच देतो आणि त्याच पोचेत ‘युजर बिझी’ असंही लिहून पाठवतो. म्हणजे माझा मालक बोलण्यात आहे, तरीही मी त्याच्या कानाशी हे घालू शकतो. यानंतर आडतदाराच्या कानात मध्येच बीप-बीप वाजते, पडद्यावर दुसरं नाव येतं, आणि व्यापाऱ्याला रिंग किंवा ती ‘लाइनवर राहा’ची सूचना ऐकू येते. फोर-जीवरच्या व्होल्टी कॉलमध्ये संदेशांची भाषा वेगळी असते, पण देवाणघेवाण याच धर्तीची होते.

आडतदार शेतकऱ्याला म्हणतो, ‘दादा, एक मिनिट होल्ड करा, मुंबईचा फोन आहे,’ आणि हिरवं बटण दाबतो. त्याच्या मोबाइलकडून स्विचला दोन गोष्टी जातात: चालू बोलणं धरून ठेव, आणि नवा कॉल जोड. मोबाइल आणि टॉवर यांच्यातली आवाजाची वाट टू-जी, थ्री-जीमध्ये एकच राहते. स्विच ती एका कॉलवरून काढून दुसऱ्याला लावतो, इतकंच. शेतकऱ्याचा कॉल तुटलेला नसतो. एक्स्चेंजपर्यंतची त्याची जोडणी पूर्ण शाबूत असते, फक्त तिच्यातून दोन्ही बाजूंचा आवाज जात नाही. त्या जागी त्याला ‘आपला कॉल होल्डवर आहे’ असं किंवा एखादी धून ऐकू येते. म्यूटपेक्षा हे वेगळं आहे. म्यूटमध्ये फक्त तुमचा माइक बंद होतो आणि समोरच्याचं बोलणं तुमच्या कानात येतच राहतं. होल्डमध्ये तो काय म्हणाला ते तुम्हालाही कळत नाही.

जोडणी शाबूत असल्यामुळे मीटरही चालूच राहतं. कॉल ज्यानं लावला त्याच्या खात्यावर होल्डचा प्रत्येक सेकंद मोजला जातो. उलट वेटिंगवर नुसती रिंग वाजत असते तोवर काही आकारणी होत नाही, कारण कॉल अजून उचललेला नसतो. महिन्याच्या पॅकवर बोलणाऱ्याला हा फरक जाणवत नाही, पण दुबईहून किंवा न्यू जर्सीहून मिनिटाच्या हिशेबानं घरी फोन करणाऱ्याला चांगलाच जाणवतो. असा माणूस लाइनवर असेल तर त्याला होल्डवर टाकण्याऐवजी ‘पाच मिनिटांनी कर’ म्हणावं, किंवा आपण परत लावावा.

आता गर्दी वाढवू. शेतकरी होल्डवर आहे, व्यापाऱ्याशी सौदा चालला आहे, आणि तिसरा फोन येतो, टेम्पोवाल्याचा. नियमानुसार मोबाइल ग्राहकाला एका वेळी एक चालू कॉल, एक होल्डवरचा आणि एक वेटिंगचा ठेवता येतो. म्हणून टेम्पोवाल्याचीही बीप वाजू शकते. पण आडतदाराला तो सरळ उचलता येत नाही, कारण होल्डची जागा आधीच भरली आहे. आधीच्या दोघांपैकी एकाला सोडावं लागतं आणि पडद्यावर तसं विचारलं जातं: होल्डवरचा कॉल संपवून घ्यायचा, की चालू कॉल संपवून? घाईत इथेच भलत्याचा कॉल कटतो. टेम्पोवाल्याची बीप वाजत असतानाच गाडी भरायला आलेल्या हमालांच्या मुकादमानं चौथा फोन लावला तर मात्र त्याला बिझीच मिळणार. वेटिंगची जागा एकच आहे आणि ती टेम्पोवाल्यानं घेतली आहे. आडतदाराचं वेटिंग सुरू आहे, त्यानं कुणाचा फोन कापलेला नाही, मुकादमाशी त्याचं काही बिनसलेलंही नाही. मुकादम चौथा आला एवढंच. अर्ध्या मिनिटानं टेम्पोवाल्यानं नाद सोडला आणि मुकादमानं पुन्हा लावला तर त्याला रिंग जाईल.

ही उलाढाल आकड्यांच्या बटणांनीही करता येते. बोलणं चालू असतानाच कीपॅड उघडून आकडा दाबायचा आणि मग कॉलचं बटण. टू-जी, थ्री-जीसाठी जगभर हेच आकडे ठरलेले आहेत आणि बटणांच्या साध्या फोनवर ते विशेष उपयोगी पडतात:

```
0   वेटिंगवरच्याला बिझी पाठवा (वेटिंग नसेल तर होल्डवरचा कॉल सोडा)
1   चालू कॉल संपवून दुसरा घ्या
2   चालू कॉल होल्डवर टाकून दुसरा घ्या
3   होल्डवरच्याला चालू बोलण्यात जोडा
```

यातलं शून्य आपल्या विषयाच्या दृष्टीनं महत्त्वाचं. वेटिंगचा कॉल लाल बटणानं नाकारणं म्हणजे हेच. मोबाइल नेटवर्कला सांगतो की माझा मालक बिझी आहे, आणि फोन करणाऱ्याला तोच टोन किंवा तीच ‘व्यस्त आहे’ची सूचना जाते जी एक्स्चेंजनं स्वतःहून दिली असती. या क्षेत्रात दोन्हींना वेगवेगळी नावं आहेत: नेटवर्कनं ठरवलेलं बिझी आणि माणसानं ठरवलेलं बिझी. ऐकणाऱ्याला मात्र दोन्ही सारखीच. एकच खूण असते. नेटवर्कनं ठरवलेलं बिझी एकही रिंग न जाता लगेच येतं. माणसानं कापलेला कॉल बहुधा एक-दोन रिंग वाजून किंवा वेटिंगची सूचना सुरू होऊन मग मध्येच बिझी होतो. ही खूण पक्की नाही, कारण अनेक फोनमध्ये ब्लॉक केलेल्या नंबरचा कॉल मोबाइल आपोआप नाकारतो आणि तिथेही अर्धी रिंग जाऊन बिझी येऊ शकतं. एकाच नंबरवरून दिवसभर, कुठल्याही वेळी असंच होत असेल आणि घरातल्या दुसऱ्या फोनवरून नीट रिंग जात असेल, तर ब्लॉकची शक्यता मोठी.

वेटिंगची नोंद तपासायला मोबाइलवर हे कोड आहेत. ते लिहून कॉलचं बटण दाबायचं:

```
*#43#   वेटिंग सुरू आहे का ते पाहा
*43#    सुरू करा
#43#    बंद करा
```

बहुतेक स्मार्टफोनमध्ये फोनच्या सेटिंगमध्येही ‘कॉल वेटिंग’चं बटण सापडतं. काही फोर-जी सिमवर ही नोंद इंटरनेटच्या वाटेनं बदलली जाते. मोबाइल डेटा बंद असेल तर बटण करड्या रंगाचं दिसतं किंवा जोडणी झाली नाही असा संदेश येतो. डेटा चालू करून, वाय-फाय क्षणभर बंद ठेवून पुन्हा करून बघावं. वेटिंग बंद ठेवणाऱ्यांनाही सबळ कारण असतं. रेडिओवर थेट मुलाखत देणारा, फोनवरून रुग्णाला सल्ला देणारा डॉक्टर, यांना मध्येच बीप नको असते. इंटरनेट टेलिफोनच्या तारेवरून यायचं तेव्हा तर ती बीप मोडेमच्या आवाजात मिसळून जोडणीच तुटायची. त्या काळात घरातला पोरगा नेटवर बसला की नातेवाइकांना तासन्‌तास एंगेज ऐकू यायचं, त्यामागचं कारण पुष्कळदा हेच होतं.

वेटिंग सुरू असूनही बिझी येण्याची एक तऱ्हा घरोघरी घडते. नाशिकचा मुलगा साताऱ्याच्या आईशी बोलतोय. घाटात रेंज जाते, कॉल तुटतो. दोघंही त्याच सेकंदाला पुन्हा लावतात. दोघांनाही बिझी. दोघं जरा थांबून पुन्हा लावतात, पुन्हा बिझी. वेटिंग द्यायला आधीचं बोलणं पूर्ण जुळलेलं असावं लागतं. फोन लावला आहे, पण समोरच्यानं अजून उचललेला नाही, अशा मधल्या अवस्थेत आलेल्या कॉलला लँडलाइनवर एंगेजच मिळतं आणि मोबाइलवरही अनेकदा तेच होतं. आई मुलाकडे जाणाऱ्या जोडणीत अडकलेली, मुलगा आईकडे जाणाऱ्या. यावर घरात एक नियम ठरवून टाकावा: आधी ज्यानं लावला होता त्यानंच परत लावायचा, दुसऱ्यानं थांबायचं. माझ्या मते कुठल्याही सेटिंगपेक्षा याचा उपयोग जास्त होतो.

टोनचा वेगही कान देऊन ऐकण्यासारखा असतो. भारतातल्या लँडलाइनचा एंगेज टोन पाऊण सेकंद वाजतो आणि पाऊण सेकंद थांबतो. तसाच पण घाईघाईनं, पाव सेकंद वाजून पाव सेकंद थांबणारा टोन ऐकू आला तर समोरचा माणूस बिझी नाही. वाटेतल्या जोडण्या भरलेल्या आहेत, कॉल त्याच्या एक्स्चेंजपर्यंतही गेलेला नाही. मोबाइलवर हाच फरक ‘या मार्गावरील सर्व लाइन्स व्यस्त आहेत’ या सूचनेतून कळतो. दिवाळीच्या पहाटे किंवा पुरात टॉवर बंद पडल्यावर जे बिझी येतं ते बहुधा या जातीचं. अशा वेळी त्याच माणसाला पुन्हा पुन्हा लावण्यापेक्षा एसएमएस टाकावा. तो आवाजाची जोडणी मागत नाही आणि जागा मिळेल तसा पोहोचतो.

आपल्याकडे सर्वांत जास्त गैरसमज होतात ते दोन सिमच्या फोनमुळे. दोन्ही सिमवर वेटिंग सुरू आहे, तरी एका सिमवर बोलत असताना दुसऱ्या सिमवर फोन करणाऱ्याला रिंगही नाही आणि बिझीही नाही. त्याला ऐकू येतं, ‘फोन बंद आहे किंवा संपर्क क्षेत्राबाहेर आहे.’ कारण सरळ आहे. पुष्कळ फोनमध्ये दोन सिमसाठी रेडिओ एकच असतो. बोलणं नसतं तेव्हा तो दोन्ही नेटवर्कच्या हाका आळीपाळीनं ऐकतो. एका सिमवर कॉल जोडला की रेडिओ पूर्णपणे तिकडे गुंततो आणि दुसऱ्या नेटवर्कच्या हाकेला कुणी ओ देत नाही. त्या दुसऱ्या कंपनीच्या स्विचला तुम्ही बोलताय हे कळायला काहीच मार्ग नसतो. वेटिंग फक्त त्याच सिमपुरतं असतं ज्यावर बोलणं चालू आहे.

आडतदाराकडे परत गेलो तर, शेतकऱ्यांना दिलेला एक नंबर आणि व्यापाऱ्यांना दिलेला दुसरा, दोन्ही एकाच फोनमध्ये, अशी त्याची मांडणी असू शकते. सकाळभर तो शेतकऱ्यांशी बोलत राहिला की व्यापाऱ्यांना वाटतं शेठनं फोन बंद ठेवला. उपाय असा की फोनच्या सेटिंगमधल्या कॉल फॉरवर्डिंगमध्ये ‘संपर्क होत नसेल तेव्हा’ या ओळीत पहिल्या सिमवर दुसऱ्याचा नंबर टाकायचा आणि दुसऱ्या सिमवर पहिल्याचा. मग दुसऱ्या सिमवरचा न पोहोचणारा कॉल वळून चालू असलेल्या सिमवर येतो आणि तिथे वेटिंग म्हणून वाजतो. वळवलेल्या टप्प्याला कंपनी पैसे लावू शकते, ते आधी विचारून घ्यावं. काही नव्या फोनमध्ये दुसऱ्या सिमचा कॉल पहिल्या सिमच्या इंटरनेटवरून घेण्याची सोय आहे. आयफोनमध्ये त्यासाठी वाय-फाय कॉलिंग आणि डेटा बदलण्याची परवानगी ही दोन बटणं सुरू करावी लागतात, आणि ज्या सिमवर तो दुसरा कॉल येतो त्या कंपनीची वाय-फाय कॉलिंगची सेवाही असावी लागते.

व्हॉट्सअ‍ॅपचा कॉल याच्या अगदी उलट वागतो. तुम्ही व्हॉट्सअ‍ॅपवर बोलत असता तेव्हा नेटवर्कच्या लेखी तुमचा फोन रिकामा असतो, कारण त्याला फक्त इंटरनेट चालू असलेलं दिसतं. त्यामुळे वेटिंग बंद ठेवलेलं असलं तरी साधा कॉल सरळ मोबाइलपर्यंत येतो आणि फोन करणाऱ्याला नेहमीची रिंग ऐकू येते. अमेरिकेतल्या लेकीशी व्हॉट्सअ‍ॅपवर तासभर बोलणाऱ्या आजींना शेजारची काकू सारखा फोन करत असेल तर काकूला रिंग जाते, उचलला जात नाही आणि ती चिंतेत पडते. इथे बिझी टोन आला असता तर काकूला निदान आजी बोलतायत एवढं कळलं असतं.

होल्ड आणि वेटिंगच्या याच सोयीवर एक फसवणूक बेतलेली आहे, आणि २०२५ च्या फेब्रुवारीत यूपीआयच्या अधिकृत खात्यावरून तिच्याबद्दल इशाराही दिला गेला. अनोळखी माणूस फोन करून सांगतो की तुमचा नंबर अमुक मित्राकडून मिळाला, तो मित्रच आता दुसऱ्या लाइनवर येतोय, कॉल मर्ज करा. त्याच क्षणी खरोखर बीप वाजते. पण तो कॉल मित्राचा नसतो. भामट्यानं तुमच्या खात्यासाठी मागवलेला, बँकेचा ओटीपी बोलून सांगणारा यांत्रिक कॉल असतो. ‘मर्ज’ दाबलं की होल्डवरचा आणि वेटिंगचा असे दोन्ही एकाच बोलण्यात येतात, आणि यंत्रानं उच्चारलेले आकडे तुमच्याबरोबर त्यालाही ऐकू जातात. मर्जऐवजी ‘होल्ड करून घ्या’ दाबलं तर तो होल्डवर पडतो आणि त्याला एक अक्षरही ऐकू येत नाही. वेटिंगवर आलेला नंबर तुमच्या मित्राच्या नावानं साठवलेला दिसत नसेल तर मर्ज करू नये. पहिल्याला सोडून द्यावं आणि मित्राला आपण स्वतः, आपल्या फोनमधल्या नंबरवर लावावा.